विसरलेली प्लेट, बुरशी आणि मेलेले जिवाणू: कथेतला क्रम बरोबर कसा ठेवावा

प्रश्न: मी एक लघुकथा लिहीत आहे. सूक्ष्मजीवशास्त्राची एक विद्यार्थिनी सुट्टीहून परत येते आणि तिला टेबलावर विसरलेली एक प्लेट सापडते. जिवाणूंनी भरलेल्या प्लेटवर बुरशी उगवली आहे आणि बुरशीभोवतीचे जिवाणू मरत आहेत, असे तिच्या लक्षात येते. जाणकार वाचकालाही पटेल असे हे दृश्य कसे लिहावे, आणि त्यानंतर ती नेमके काय करील?

उत्तर:

तुमच्या मांडणीतली एकच गोष्ट बदलायला हवी, पण ती बदलली की कथेचा सांगाडाच बदलतो. जिवाणूंनी आधीच भरलेल्या प्लेटवर नंतर बुरशीचा बीजाणू पडला, तर त्या बुरशीभोवती स्वच्छ वर्तुळ तयार होत नाही. बुरशी पेनिसिलिन बनवणारी असली तरी जिवाणू होते तसेच राहतात, बुरशी त्यांच्यावर किंवा त्यांच्या शेजारी वाढते आणि प्लेट नुसती खराब झालेली दिसते. प्रयोगशाळेत अशा प्लेटा नेहमीच निघतात आणि वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये थेट जातात. तुम्हाला हवे असलेले दृश्य दिसायचे असेल, तर बुरशीने आधी वाढायला हवे आणि जिवाणूंनी मागाहून.

याचे कारण पेनिसिलिन मारते कसे यात आहे. जिवाणूच्या पेशीभोवती पेप्टिडोग्लायकन नावाच्या पदार्थाची ताठ भिंत असते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा बराच जास्त असतो. पेशी वाढताना ही भिंत जागोजागी उघडते आणि उघडलेल्या जागी नवे धागे विणून ते आडव्या टाक्यांनी जोडले जातात. पेनिसिलिन नेमके हे आडवे टाके घालणारे विकर अडवते. पेशीची स्वतःची भिंत उसवणारी विकरे मात्र काम करतच राहतात, त्यामुळे भिंत उसवत जाते, शिवली जात नाही आणि शेवटी आतल्या दाबाने पेशी फुटते. जी पेशी वाढतच नाही ती भिंत उसवतही नाही, म्हणून तिला पेनिसिलिनने फारसे काही होत नाही. इनक्युबेटर या उबवण्याच्या कपाटात एक रात्र काढून पूर्ण वाढलेल्या कॉलनीतल्या, म्हणजे जिवाणूंच्या वसाहतीतल्या, बहुतेक पेशींची वाढ थांबलेली असते. अशा कॉलनीशेजारी बुरशीने आठवडाभराने पेनिसिलिन सोडायला सुरुवात केली, तरी ते येते उशिरा.

याच ठिकाणी अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या प्लेटची गोष्ट कामाला येते. ती गोष्ट बहुतेकांना अर्धीच माहीत असते आणि तुमच्या कथेला नेमका उरलेला अर्धा भाग हवा आहे. १९२८ च्या जुलैअखेर फ्लेमिंग लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयातली आपली प्रयोगशाळा सोडून सुट्टीवर गेले आणि ३ सप्टेंबरला परतले. स्टॅफिलोकॉकस या जिवाणूच्या प्लेटा टेबलावर रचून ठेवलेल्या होत्या आणि त्यांतल्या एकीवर बुरशी होती. इथपर्यंतचा भाग शालेय पुस्तकांत असतो. पुढे अनेकांनी तीच बुरशी आणि तोच जिवाणू घेऊन जिवाणूंच्या वाढलेल्या प्लेटवर बुरशी टाकून पाहिली, तेव्हा ते दृश्य काही केल्या दिसेना. त्याच विभागात काम केलेल्या रोनाल्ड हेअर यांनी पुष्कळ वर्षांनंतर त्या उन्हाळ्याच्या हवामानाच्या नोंदी तपासल्या. जुलैच्या शेवटी सुरू झालेला सुमारे नऊ दिवसांचा थंड हवेचा काळ त्यांना सापडला आणि त्यानंतर पारा चढलेला दिसला. त्यांचे स्पष्टीकरण असे की, ती प्लेट इनक्युबेटरमध्ये गेलीच नसावी. जिवाणू पसरताना किंवा त्याच सुमारास बीजाणू पडला, थंडीत बुरशी सावकाश वाढत राहिली आणि जिवाणू जवळपास जागच्या जागी राहिले. ऊब आल्यावर जिवाणू वाढू लागले, तोवर बुरशीभोवतीच्या अगारमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या पोषक थरात, पेनिसिलिन पसरलेले होते.

यात काही चमत्कार नाही, दोन सजीवांच्या तापमानाच्या आवडी वेगळ्या आहेत एवढेच. स्टॅफिलोकॉकस ऑरियस ३७ अंश सेल्सिअसला एका रात्रीत ठळक कॉलनी देतो, पण १५-१६ अंशांना तो रेंगाळतो. पेनिसिलिन बनवणाऱ्या पेनिसिलियम या बुरशीला २३ ते २५ अंश मानवतात, १५-१६ अंशांनाही ती सावकाश वाढते आणि ३७ अंशांना मात्र तिची वाढ अगदी खुरटते. म्हणूनच प्लेट नेहमीप्रमाणे इनक्युबेटरमध्ये गेली असती तर सकाळी जिवाणूंच्या टपोऱ्या कॉलन्या दिसल्या असत्या आणि बीजाणू तसाच पडून राहिला असता. त्यात आणखी एक गोष्ट आहे. बुरशी पहिल्या काही दिवसांत पेनिसिलिन जवळजवळ बनवतच नाही. तिची कॉलनी पसरते, वाढीचा वेग मंदावू लागतो आणि मग ते तयार होऊन अगारमध्ये झिरपू लागते. ही आघाडी तिला मिळायलाच हवी.

कथेच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, तुमच्या विद्यार्थिनीच्या हातून एक नव्हे, दोन गोष्टी राहून जायला हव्यात. ती प्लेट फेकायला विसरते हे पुरेसे नाही. ती प्लेट इनक्युबेटरमध्ये ठेवायलाच विसरली पाहिजे. माझ्या मते कथेचा सगळा ताण इथेच आहे, कारण सुट्टीहून परतलेल्या माणसाला प्लेट पाहताक्षणी हे कळत नाही. तिला वाटते की आपण नेहमीसारखी उबवलेली प्लेट टाकायची राहिली. खरे काय घडले हे तिला पुढे शोधून काढावे लागते.

आता तपशीलवार एक घटनाक्रम मांडतो. यातले काहीही उचला.

वर्गात जिवंत जिवाणूंची मोजणी शिकवली जात आहे. विद्यार्थिनी रात्रभर वाढवलेल्या स्टॅफिलोकॉकसच्या रश्श्यातून टप्प्याटप्प्याने दहापट विरल नमुने तयार करते आणि शेवटच्या दोन-तीन नळ्यांतून प्रत्येकी ०.१ मिलिलिटर घेऊन काचेच्या वाकड्या दांडीने अगारवर पसरवते. प्लेट ९ सेंटिमीटर व्यासाची असते आणि तिच्यात साधारण २० मिलिलिटर अगार असते. झाकणावर नव्हे, तळाच्या बाजूला ती मार्करने तारीख, जिवाणूचे नाव आणि विरलतेचा आकडा लिहिते, कारण झाकणे आपसांत बदलू शकतात. मोजणीची प्लेट मी मुद्दाम सुचवतो आहे. दाट पसरलेल्या प्लेटवर जिवाणूंचा सलग थर येतो आणि त्यात फक्त रिकामे वर्तुळ दिसते, पुढे काही दिसत नाही. मोजणीच्या प्लेटवर सुट्या कॉलन्या येतात आणि बुरशीपासूनच्या अंतराप्रमाणे प्रत्येक कॉलनी वेगळी दिसते. फ्लेमिंग यांच्या प्लेटवरही सुट्या कॉलन्याच होत्या.

जिवाणू पसरवताना झाकण उघडे असते, तेवढ्यात बीजाणू पडतो. त्याच खोलीत दुसरे कोणी बुरशीवर काम करत असेल तर हे अगदी साहजिक आहे. फ्लेमिंग यांच्या खालच्या मजल्यावर बुरशीतज्ज्ञ ला टूश यांची प्रयोगशाळा होती आणि बीजाणू तिथूनच वर आला असावा असे मानले जाते. उघड्या खिडकीतून तो आत आला ही लोकप्रिय कल्पना कथेत टाळलेली बरी. बाकीच्या प्लेटा चळत करून इनक्युबेटरमध्ये जातात, ही एक मात्र नळ्यांच्या स्टँडमागे राहते. ती ज्या पिशवीतून नव्या प्लेटा येतात तसल्या प्लास्टिकच्या पिशवीत राहिली असे लिहा. उघड्यावर तीन आठवडे पडलेल्या प्लेटचे अगार सुकून पातळ होते, कडेने सुटते आणि अशा अगारवर काहीच नीट वाढत नाही. हा बारकावा वाचकाच्या लक्षात आला नाही तरी चालेल, पण तो चुकला तर प्रयोगशाळेत काम केलेला वाचक तिथेच थांबेल.

सुट्टीच्या पहिल्या नऊ-दहा दिवसांत खोली थंड असायला हवी, साधारण १५-१६ अंश. कथा जिथे घडते तिथे थंडीचा मोसम असेल तर प्रश्न नाही. नसेल तर एखाद्या उपकरणासाठी खोलीतले वातानुकूलन अखंड चालू ठेवलेले असू शकते. त्यानंतर हवा बदलते किंवा यंत्र बंद पडते आणि आठवडाभर खोली २५ ते ३० अंशांवर राहते. तेवढ्या उबेत स्टॅफिलोकॉकस ठळक कॉलन्या देतो.

परतल्यावर तिला काय दिसते, ते जवळून सांगतो. प्लेटच्या एका कडेला दोन-अडीच सेंटिमीटरची बुरशीची कॉलनी आहे. मधला भाग निळसर हिरवा, पिठासारखा आणि किंचित सुरकुतलेला आहे, भोवती पांढरी मऊ किनार आहे. पृष्ठभागावर पिवळसर द्रवाचे काही थेंब उभे आहेत, आणि प्लेट उलटी करून पाहिली तर कॉलनीखालचे अगारही पिवळे झालेले आहे. विरुद्ध बाजूला स्टॅफिलोकॉकसच्या गोल, फुगीर, अपारदर्शक, सोनेरी छटेच्या कॉलन्या आहेत. बुरशीकडे सरकावे तशा त्या लहान होत जातात. त्याच्याही आत, बुरशीपासून काही मिलिमीटरवर, काचेवर श्वास सोडल्यावर पडावेत तसे अर्धपारदर्शक, चपटे डाग आहेत. ऊब आल्यावर वाढू लागलेल्या आणि तेवढ्यात पेनिसिलिन पोहोचल्यामुळे विरघळलेल्या कॉलन्या त्या याच. अगदी बुरशीलगत मात्र काहीच नाही, अगार जसेच्या तसे स्वच्छ आहे.

तुम्ही "जिवाणू मरत आहेत असे तिच्या लक्षात येते" असे लिहिले आहे. मरणे डोळ्यांना दिसत नाही. बुरशीलगतची मोकळी जागा एवढेच सांगते की तिथे कॉलनी आली नाही. न येण्याची कारणे अनेक असतात. दांडी तिथपर्यंत नीट फिरली नसेल, झाकणावरचे पाणी ओघळून जिवाणू धुतले गेले असतील, बुरशीने तिथले अन्न संपवले असेल किंवा आम्ल सोडले असेल. मेल्याचा पुरावा आहे तो त्या अर्धपारदर्शक डागांत, कारण जे आधी वाढले आणि मग विरघळले ते मेले. म्हणून तिची नजर मोकळ्या वर्तुळावर नव्हे, त्या डागांवर अडली पाहिजे. मोकळी वर्तुळे पुष्कळांनी पाहिलेली असतात. एक बुरशी किंवा एक जिवाणू दुसऱ्याची वाढ रोखतो हे फ्लेमिंग यांच्या आधीही माहीत होते. शिवाय फ्लेमिंग यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला लायसोझाइम हे जिवाणू विरघळवणारे विकर शोधले होते, त्यामुळे विरघळलेल्या कॉलनीकडे पाहण्याची त्यांच्या नजरेला सवय होती. तुमच्या विद्यार्थिनीलाही असे काहीतरी आधीचे कारण द्या. उदाहरणार्थ, मागच्याच सत्रात तिने अंड्यातल्या पांढऱ्यातील लायसोझाइमने जिवाणूंचा गढूळ रश्शा निवळताना पाहिला असेल.

त्या क्षणी ती काय करते? झाकण उघडत नाही. बीजाणू पिकलेली बुरशी उघड्या टेबलावर उघडली की पुढचे काही आठवडे खोलीतल्या सगळ्यांच्या प्लेटांवर तीच उगवते, आणि सोबत जिवंत स्टॅफिलोकॉकसही असतो. ती झाकण लावलेल्याच प्लेटचे वरून आणि तळातून फोटो काढते, तळाला लिहिलेली तारीख वाचते आणि सरांकडे जाते. सरांची पहिली प्रतिक्रिया उत्साहाची नसावी. मी असा संवाद लिहीन:

"प्लेट दूषित झाली आहे, टाकून द्या. तुमच्या मोजणीत ती धरता येणार नाही."

"सर, मोजणीसाठी नाही विचारत. हे डाग बघा. इथे कॉलन्या होत्या."

"होत्या हे कशावरून?"

"नसत्या तर डागही नसते. शिवाय पलीकडच्या बाजूच्या कॉलन्यांइतक्याच अंतरावर ते विखुरलेले आहेत."

सर प्लेट उजेडासमोर तिरपी धरतात. "बरं. पण ही इनक्युबेटरमध्ये किती तास होती?"

या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसते. ती "चोवीस तास" असे म्हणते, कारण नेहमी तसेच असते. तिच्या वहीतही तसेच लिहिलेले असते, कारण सगळ्या चळतीची नोंद तिने एकत्रच केली होती. पुढची सगळी गुंतागुंत या एका चुकीच्या नोंदीतून निघू शकते.

त्यानंतर ती प्रयोग पुन्हा करून पाहते. सुरक्षा कपाटात टोकदार सुईने बुरशीच्या हिरव्या भागाला हलका स्पर्श करून नव्या अगारवर एका बिंदूत टोचते आणि २५ अंशांना ठेवते. पाच-सहा दिवसांत शुद्ध बुरशी मिळते. मग वहीतल्या नोंदीप्रमाणे आधी जिवाणू पसरवते, ३७ अंशांना २४ तास ठेवते, वाढलेल्या कॉलन्यांच्या मध्ये बुरशी टोचते आणि प्लेट टेबलावर सोडते. आठ-दहा दिवसांनी बुरशी उत्तम वाढलेली असते आणि तिला चिकटून असलेल्या सोनेरी कॉलन्याही जशाच्या तशा असतात. ती पुन्हा करते, पुन्हा तेच. सर म्हणतात की पहिल्या प्लेटवर पाणी ओघळले असेल. हे अपयश कथेत भरपूर जागा घेऊ द्या. ते अगदी खरे आहे, फ्लेमिंगनंतर ज्यांनी हे करून पाहिले त्यांना नेमके हेच दिसले, आणि वाचकाला त्याचे कारण स्वतः शोधण्याची संधी मिळते.

गाठ सुटते ती वर्गाच्या मोजणीच्या आकड्यांतून. चळतीतल्या प्रत्येक प्लेटवरच्या कॉलन्यांची संख्या सुट्टीआधीच वर्गाच्या तक्त्यात भरलेली असते, आणि एक रकाना रिकामा असतो. ती प्लेट मोजली गेलीच नव्हती, म्हणजे दुसऱ्या दिवशी ती इनक्युबेटरमधून निघालेल्या चळतीत नव्हतीच. मग ती खोलीच्या तापमानाची नोंदवही उघडते. प्रयोगशाळेत उपकरणांसाठी अशी नोंद रोज ठेवली जाते. सुट्टीतले दिवस तिथे ओळीने लिहिलेले असतात, आधी थंड आणि मग उबदार. हेअर यांना हवामानाच्या नोंदीत जे सापडले, तेच तिला भिंतीवर टांगलेल्या वहीत सापडते.

आता ती क्रम उलटा करते. बुरशी प्लेटच्या कडेला टोचते, चार-पाच दिवस २५ अंशांवर वाढू देते आणि मगच स्टॅफिलोकॉकस बुरशीला न लागता बाकीच्या भागावर पसरवून प्लेट ३७ अंशांना ठेवते. दुसऱ्या सकाळी बुरशीभोवती स्वच्छ वर्तुळ असते. दोन्ही क्रमांच्या प्लेटा शेजारी शेजारी ठेवल्या की वाद संपतो. या नव्या प्लेटवर मात्र ते अर्धपारदर्शक डाग जवळजवळ दिसणार नाहीत, कारण पेनिसिलिन आधीच हजर असल्यामुळे कॉलन्यांना वाढायला वावच मिळालेला नाही. ते डाग हवे असतील तर दोन्ही एकाच वेळी टाकून प्लेट आधी थंडीत आणि मग उबेत ठेवावी लागते, म्हणजे विसरलेल्या प्लेटचा प्रवास मुद्दाम घडवून आणावा लागतो. चिकाटीची विद्यार्थिनी तेही करील आणि तिला बहुधा काही प्लेटांवरच यश येईल. सगळ्यांवर आले असे लिहू नका.

वर्तुळ मिळाल्यावर पुढचा प्रश्न असा की तिथले जिवाणू मेले आहेत की फक्त थांबले आहेत. याची परीक्षा सोपी आहे. निर्जंतुक केलेला लूप, म्हणजे तारेचे छोटे कडे, वर्तुळाच्या मोकळ्या भागावर फिरवायचा, नव्या अगारवर रेघा ओढायच्या आणि ३७ अंशांना ठेवायचे. भरपूर कॉलन्या आल्या तर जिवाणू नुसते थांबले होते. काहीच आले नाही किंवा तुरळक आल्या तर बहुतेक मेले होते. लूपबरोबर थोडे पेनिसिलिनही नव्या प्लेटवर जाते आणि न वाढण्याचे कारण तेच असू शकते, म्हणून रेघा लांबवर ओढून ते विरल करावे लागते. काही मोजक्या पेशी जवळपास नेहमीच वाचतात, कारण त्या वेळी त्या वाढत नसतात. एखादा चिकित्सक सहाध्यायी ही तुरळक कॉलनी दाखवून "मग मेले कसे म्हणता?" असे विचारू शकेल, आणि तो प्रश्न रास्त असेल.

आम्लाची शंका ती एका छोट्या कृतीने दूर करू शकते. वर्तुळातल्या अगारचा छोटा तुकडा कापून त्याला पीएच कागद लावायचा आणि दुसऱ्या, बुरशीविना प्लेटच्या तुकड्याशी ताडून पाहायचा. दोन्हींत फारसा फरक नसेल तर आम्लाचे स्पष्टीकरण टिकत नाही. काही काळ्या बुरशा भरपूर सायट्रिक आम्ल सोडतात आणि त्यांच्याभोवतीही जिवाणू येत नाहीत, म्हणून ही तपासणी गाळू नये.

जिवाणू कोणता, यावर थोडे बोलायला हवे, कारण आजच्या काळातल्या कथेत इथे हमखास घोळ होतो. रुग्णांकडून मिळणारे आजचे बहुतेक स्टॅफिलोकॉकस ऑरियस पेनिसिलिन तोडणारे पेनिसिलिनेज हे विकर बनवतात. तिने रुग्णालयातून आलेला स्टॅफिलोकॉकस वापरला असे लिहिलेत तर बुरशीभोवती वर्तुळ दिसण्याची शक्यता फार कमी. तिच्याकडे प्रयोगशाळेत जपलेला, पेनिसिलिनला बळी पडणारा प्रकार हवा. ऑक्सफर्ड स्टॅफिलोकॉकस या नावाने ओळखला जाणारा जुना प्रकार यासाठी अनेक दशके वापरला जात आला आहे. त्याऐवजी एश्चेरिचिया कोलाय हा जिवाणू घेतलात तर काहीच दिसणार नाही. त्याच्या भिंतीबाहेर आणखी एक पटल असते आणि या बुरशीचे पेनिसिलिन त्यातून सहज आत जात नाही. फ्लेमिंग यांनी हीच निवड प्रयोगाचे साधन म्हणून वापरली. अगारमध्ये एक चर कापून त्यात बुरशीचा रस मिसळलेले अगार भरायचे आणि त्या चराला काटकोनात वेगवेगळ्या जिवाणूंच्या रेघा ओढायच्या, अशी त्यांची पद्धत होती. संवेदनशील जिवाणूंची रेघ चरापासून दूरच थांबते, बाकीच्यांची थेट चरापर्यंत येते. तुमच्या विद्यार्थिनीला ही एक प्लेट जरूर करू द्या, शब्दांत वर्णन करायला ती फार सोपी आहे.

कथेचा शेवट कुठे करायचा हे तुमच्या हातात आहे, पण तिच्या हाती नवे औषध लागले असे दाखवू नका. फ्लेमिंग यांनी १९२९ मध्ये निबंध प्रसिद्ध केला, त्यांच्या सहायकांनी रसातला पदार्थ घट्ट करून पाहिला, पण तो उष्णतेने आणि आम्लाने चटकन नष्ट होत असल्याने काम अडले. फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी ऑक्सफर्डमध्ये तो थंडीत, आम्ल आणि अल्कधर्मी द्रावणांत आलटूनपालटून काढून घेण्याची रीत बसवली. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना स्ट्रेप्टोकॉकसची घातक मात्रा दिली. ज्या चौघांना पेनिसिलिन मिळाले ते दुसऱ्या सकाळी जिवंत होते, बाकीचे चौघे मेलेले होते. म्हणजे प्लेटपासून उंदरापर्यंत जवळजवळ बारा वर्षे गेली. एका सत्रात एका विद्यार्थिनीने हा पल्ला गाठला असे कोणी मानणार नाही. तिची बुरशी पेनिसिलियम असेल तर तो पदार्थही बहुधा ओळखीचाच असणार.

पण तो पेनिसिलिनच आहे हे सिद्ध करणे तिला जमू शकते, आणि कथेचा शेवट म्हणून मला ते सर्वांत योग्य वाटते. तिने जिवाणू पसरवून झाल्यावर, वर्तुळाची कड जिथे येणार तिथे पेनिसिलिनेजचा एक थेंब ठेवला, तर त्या जागी वर्तुळाची कड आत दबते आणि कॉलन्या बुरशीच्या दिशेने आत घुसतात. दुसऱ्या कुठल्या पदार्थाचे वर्तुळ असते तर ते तसेच गोल राहिले असते. प्रयोगशाळेत ते विकर नसेल तर तिने एकाच प्लेटवर बुरशीच्या एका बाजूला ऑक्सफर्ड प्रकार आणि दुसऱ्या बाजूला रुग्णालयातला प्रतिरोधी स्टॅफिलोकॉकस पसरवावा. पहिल्या बाजूला अर्धे वर्तुळ स्वच्छ मिळेल, दुसऱ्या बाजूला कॉलन्या बुरशीला अगदी भिडलेल्या असतील. हा पुरावा पहिल्याइतका पक्का नाही, कारण ते दोन प्रकार इतर बाबतीतही वेगळे असू शकतात. सर हे तिला सांगतील, आणि वहीत ती निष्कर्षाखाली "संभवतः" हा शब्द लिहील.